गोडाऊनमधला रॅक कोसळला, रिपोर्टमधे कारण काय लिहायचं?

प्रश्न: भांडुपला आमचं गोडाऊन आहे. परवा रात्रपाळीत पॅलेट रॅकची अख्खी ओळ खाली आली, दोन हमालांना लागलंय पण थोडक्यात वाचले. साहेब म्हणतात कारण, नुकसान आणि पुढची उपाययोजना असा रिपोर्ट दे, कारणात फोर्कलिफ्टवाल्याची चूक टाक आणि मोकळा हो. मी सेफ्टीचा नाही, स्टोअरचा माणूस आहे. कसा लिहू?

उत्तर:

आधी ते दोघं हमाल कसे आहेत ते बघा. हे सगळ्यात आधी सांगतोय कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावर ठरतात. दुखापतीमुळे माणूस 48 तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही तर ती नोंद करून कळवायची दुखापत होते. तुमची जागा कारखाना म्हणून नोंदलेली आहे की नुसतं गोडाऊन म्हणून, यावर कोणाला आणि कुठल्या फॉर्मवर कळवायचं ते ठरतं, ते तुमच्या लेबर कन्सल्टंटला आजच विचारा, रिपोर्ट पूर्ण व्हायची वाट बघू नका. हमाल माथाडी बोर्डाचे असतील तर बोर्डाला आणि टोळीच्या मुकादमाला लेखी कळवा. ईएसआय असेल तर अपघाताची नोंद तिकडेही लागते, नंतर केली की उपचाराच्या आणि पगाराच्या पैशाला तोच गरीब माणूस खेटे घालत बसतो.

आता रिपोर्टचं. लिहायचं कसं हा तुमचा प्रश्न खरं तर सोपा आहे, अवघड आहे ते दुसरंच. "फोर्कलिफ्टवाल्याची चूक" हे कारण लिहिलं की त्यातून उपाय एकच निघतो, त्याला काढा किंवा ट्रेनिंग द्या, आणि रॅक मात्र पुन्हा तसाच उभा राहतो. गोडाऊनमधे फोर्कलिफ्ट रॅकला कधी ना कधी लागतेच, गल्ली अरुंद असते, ऑर्डरची घाई असते. पण एका धक्क्यात अख्खी ओळ खाली येत असेल तर धक्क्याच्या आधीच रॅकमधे काहीतरी कमी झालेलं असतं. ते काय कमी झालं होतं हे शोधणं म्हणजे "कारण" हा भाग. 2016 मधे इंग्लंडच्या श्रॉपशायर भागात चीजच्या एका गोडाऊनमधे असेच रॅक एकामागोमाग एक पडले आणि फोर्कलिफ्ट चालक कित्येक तास मालाखाली अडकून होता, सुदैवाने जिवंत निघाला. रॅक पडतो तेव्हा एक खांब जातो, त्याला अडकलेले आडवे बीम शेजारच्या खांबाला ओढतात, मग तो जातो, आणि हे काही सेकंदात होतं. म्हणून पहिला खांब कुठला गेला आणि का गेला, सगळा शोध तिथे येऊन थांबतो.

तुमच्या जागी नेमकं काय झालं हे मी इथे बसून सांगू शकत नाही. भिवंडीतल्या एका गोडाऊनचं प्रकरण मी स्वतः तपासलंय, ते पूर्ण सांगतो, त्यात कारण कसं शोधायचं आणि रिपोर्टमधे कसं मांडायचं दोन्ही येईल.

साधा सिलेक्टिव्ह पॅलेट रॅक होता. 6 मीटर उंच, 2700 मिमीचे बीम, एका ओळीत 8 बे, म्हणजे खांबांच्या दोन जोड्यांमधले खण. प्रत्येक बेमधे 2 पॅलेट खाली जमिनीवर आणि वर बीमचे 3 लेव्हल, लेव्हलला 2 पॅलेट. माल म्हणजे फरशी पुसायच्या लिक्विडचे 5 लिटरचे कॅन, एका पॅलेटचं वजन साधारण 950 किलो. एका संध्याकाळी फोर्कलिफ्टने तिसऱ्या लेव्हलला पॅलेट ठेवलं, मागे घेताना गाडीचा मागचा कोपरा एका अपराइटला, म्हणजे रॅकच्या उभ्या खांबाला, लागला, आणि 8 पैकी 6 बे खाली. तिथेही मॅनेजरचं वाक्य तुमच्या साहेबांसारखंच होतं, "ऑपरेटरने ठोकला". सीसीटीव्हीत तसं दिसतही होतं. पण नीट बघितलं तर गाडी चालत्या माणसाच्या वेगाने मागे येत होती, असा धक्का रॅकने खाल्ला पाहिजे, हलला पाहिजे, एखादा खांब वाकला पाहिजे, पण 6 बे नाही.

सीसीटीव्हीवरून आठवलं, तुमचं फुटेज आजच्या आज पेनड्राइव्हवर काढून घ्या. डीव्हीआर काही दिवसांनी जुनं पुसून त्यावर नवीन रेकॉर्ड करतो आणि विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत ते गेलेलं असतं. डीव्हीआरचं घड्याळ आणि खरी वेळ यात किती फरक आहे तेही लिहून ठेवा. आणि पडलेला माल हलवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, फक्त ढिगाऱ्याचे नाही, खांबाच्या पायथ्याचे पण, प्रत्येक फोटोत बे नंबर दिसेल असा कागद चिकटवून. ढिगारा उचलला की अर्धं कारण उचललं जातं.

तर भिवंडीला पहिली गोष्ट बघितली ती पडलेल्या फ्रेम, म्हणजे पुढच्या-मागच्या खांबांच्या जोड्या, कुठल्या दिशेला झुकल्यात. डावीकडच्या फ्रेम उजवीकडे झुकल्या होत्या, उजवीकडच्या डावीकडे, आणि दोन्हींच्या मधे 4 नंबरची फ्रेम जागेवर बसल्यासारखी घडी होऊन पडली होती. म्हणजे पहिली ती बसली आणि तिने बीममधून बाकीच्यांना आपल्याकडे ओढलं. ढिगाऱ्यात हे लगेच दिसत नाही, ओळीच्या दोन्ही टोकांपासून मधे येत येत बघावं लागतं.

मग बीमची टोकं बघितली. बीमच्या टोकाला जो कनेक्टर असतो त्याचे हूक अपराइटच्या खाचेत बसतात आणि वर एक सेफ्टी पिन लागते, ती बीमला वर उचकटू देत नाही. फोर्कने खालचं पॅलेट उचलताना वरच्या बीमला खालून ढोसलं आणि पिन नसेल तर बीम उचकटून निघतो, तेव्हा हूक बऱ्यापैकी सरळच असतात आणि खाचही फाटलेली नसते. इथे हूक वाकून उघडले होते आणि खाचा ओढून फाटल्या होत्या. म्हणजे बीम आधी निसटले नाहीत, खांब खाली गेल्यावर भाराने ओढले गेले. एका फेरीत हे एक कारण बाद झालं. तुमच्याकडे उलटं दिसलं, हूक सरळ आणि पिन गायब, तर तुमचा तपास वेगळ्या वाटेने जाईल.

मग 4 नंबरचा पुढचा अपराइट. जमिनीपासून साधारण 40 सेंटीमीटरवर खोल पोचा, पोच्यात गंज, गंजावर धूळ बसलेली. त्याच्याच वर बोटभर लांबीचा ताजा ओरखडा, त्यात स्टील चकचकीत दिसत होतं आणि गाडीचा पिवळा रंग लागलेला. म्हणजे त्या दिवशीचा धक्का हा वरचा छोटा ओरखडा, आणि तो मोठा पोचा महिन्यांपूर्वीचा. गंज एका रात्रीत धरत नाही. हे दोन्ही मी एकाच फोटोत पट्टी लावून घेतलं, कारण "आत्ताच ठोकला" आणि "आधीच ठोकलेला होता" हा फरक तोंडी सांगून कोणाला पटत नाही.

इथपर्यंत आल्यावर बरेच लोक थांबतात, जुना वाकलेला खांब हेच कारण, लिहून टाका. मी पण तेच लिहिलं असतं, जर शिल्लक उभ्या राहिलेल्या 2 बे मोजल्या नसत्या तर. पोच्यांची मोजणी सोपी आहे, कोणीही करू शकतं. 1 मीटरची सरळ धातूची पट्टी खांबाला वाकलेल्या बाजूला अशी लावायची की पोचा पट्टीच्या मध्यावर येईल आणि मधली फट मोजायची. युरोपचं ईएन 15635 नावाचं स्टँडर्ड आहे, रॅक तपासणीला बरेच लोक तेच धरतात. ब्रेसिंग म्हणजे फ्रेमच्या पुढच्या-मागच्या खांबांना जोडणाऱ्या पट्ट्या. त्यात खांब ब्रेसिंगच्या दिशेने म्हणजे गल्लीतून आत ढकलल्यासारखा वाकला असेल तर मर्यादा 3 मिमी, बीमच्या दिशेने म्हणजे गल्लीला समांतर वाकला असेल तर 5 मिमी, आणि ब्रेसिंगची पट्टी स्वतः वाकली असेल तर 10 मिमी. मर्यादेच्या आत असेल तर हिरवा, नुसती नोंद ठेवून लक्ष ठेवायचं. मर्यादेच्या वर पण दुपटीपर्यंत असेल तर पिवळा, म्हणजे त्यावरचा माल निघाला की पुन्हा भरायचा नाही, आणि 4 आठवड्यांत दुरुस्ती झाली नाही तर तो लाल धरायचा. दुपटीच्या वर गेला की लाल, लगेच रिकामा करायचा. तर शिल्लक बेमधल्या एका अपराइटला ब्रेसिंगच्या दिशेने 7 मिमी निघाले. लाल. तरी तो उभा होता! माल तोच, वजन तेच, पोचाही तितकाच वाईट. मग हा का नाही पडला?

उत्तर समोरच होतं पण सवयीच्या नजरेला दिसत नव्हतं. उभ्या असलेल्या 2 बेमधे पहिला बीम जमिनीपासून 1500 मिमीवर होता. पडलेल्या 6 मधे अपराइटच्या खाचांवरचे खरवडलेले डाग मोजले तर पहिला बीम 2100 वर होता. स्टोअरच्या मुलांना विचारलं तर सरळ सांगितलं त्यांनी, लपवायचं काही नव्हतंच, की कंपनीने खालच्या पॅलेटवर 4 थरांऐवजी 6 थर लावायला सांगितले म्हणून पाच-सहा महिन्यांपूर्वी बीम वर सरकवले. सगळे लेव्हल 600 मिमीने वर. शेवटच्या 2 बेमधे खाली जमिनीवर दुसरा माल होता म्हणून ते तसेच राहिले.

मॅनेजर म्हणाला, पण रॅकवर तर एक किलोही वाढवला नाही, जास्तीचे थर जमिनीवरच्या पॅलेटवर आहेत आणि ते वजन जमीन घेते. बोलणं अगदी बरोबर होतं त्याचं. वजन वाढलंच नव्हतं, रॅकची ताकद कमी झाली होती. आणि हेच गोडाऊनमधे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शाळेतली प्लास्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा, मधे बाक येऊन ती लगेच वाकते. तीच पट्टी कोणी मधे दोन बोटांनी धरली की दुप्पट जोर लावला तरी सरळ राहते. अपराइटचं तसंच आहे, बीम हे ते धरणारे हात. जमीन आणि पहिला बीम यांच्या मधला तुकडा सगळ्यात जास्त भार घेतो कारण वरच्या सगळ्या लेव्हलचं वजन त्यातूनच खाली जातं, आणि तो तुकडा जितका लांब तितका तो लवकर बाक धरतो. पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे ताकद लांबीच्या वर्गाने घटते. 1500 चं 2100 केलं तर लांबी 1.4 पट झाली, 1.4 चा वर्ग जवळपास 2, म्हणजे नुसत्या सूत्राने ताकद निम्म्यावर. प्रत्यक्षात इतकी घटत नाही, कारण बेस प्लेट, कनेक्टरचा ताठपणा, पत्र्याची जाडी, छिद्रं हे सगळं त्यात येतं, म्हणून खरा आकडा रॅक बनवणाऱ्याच्या तक्त्यातूनच घ्यायचा, आपण सूत्र लावून ठरवायचा नाही.

तो आम्ही लेखी मागवला. रॅकवरच्या लोड बोर्डवर बेला 8000 किलो लिहिलेले होते, बारीक अक्षरात "पहिला बीम 1500 मिमी" असंही होतं, ते कोणी वाचलं नव्हतं. 2100 ला उत्पादकाने दिले साधारण 5200. आणि बीमवरचा प्रत्यक्ष भार? 3 लेव्हल गुणिले 2 पॅलेट गुणिले 950, म्हणजे 5700 किलो. मधल्या फ्रेमला डावीकडच्या बेचा अर्धा आणि उजवीकडच्या बेचा अर्धा भार येतो, म्हणजे परत 5700, आणि तो पुढच्या-मागच्या दोन अपराइटमधे वाटला तर प्रत्येकी 2850. 8000 च्या रॅकवर 5700 म्हणजे निवांत. 5200 च्या रॅकवर 5700 म्हणजे रोज ओव्हरलोड. तरी रॅक इतके महिने उभा होता कारण डिझाइनमधे वर थोडी शिल्लक ताकद ठेवलेली असते. ती शिल्लक बीम सरकवल्याने खाल्ली, मग जुन्या पोच्याने खाल्ली, आणि शेवटच्या हलक्या धक्क्याला काही उरलंच नव्हतं.

म्हणून उभ्या राहिलेल्या भागाला कधी विसरू नका. बरोबरीचा माल, बरोबरीचा पोचा आणि फरक फक्त पहिल्या बीमच्या उंचीचा, असं उदाहरण त्याच ओळीत मिळणं हे नशीब म्हणा, पण मिळालं की कारण पक्कं होतं. एकट्या त्याने सिद्ध होत नाही, फ्रेमची दिशा, फाटलेल्या खाचा आणि उत्पादकाचं पत्र हे सगळं सोबत लागतं.

त्या रिपोर्टमधे कारणाचा परिच्छेद मी असा दिला होता, तुम्हाला साचा म्हणून उपयोगी पडेल:

"फोर्कलिफ्ट मागे घेताना फ्रेम क्र. 4 च्या पुढील अपराइटला हलका स्पर्श झाला व त्यानंतर लगेच सदर फ्रेम खाली बसली. हा स्पर्श घटनेस निमित्त ठरला. सदर अपराइटवर जमिनीपासून सुमारे 400 मिमी उंचीवर जुना, गंजलेला पोचा आढळला, त्याची कोणतीही नोंद नव्हती. बे 1 ते 6 मधील पहिला बीम 1500 मिमीवरून 2100 मिमीवर हलवलेला होता. उत्पादकाच्या पत्रानुसार त्या उंचीला प्रति बे सुमारे 5200 किलो भार चालतो, प्रत्यक्ष भार सुमारे 5700 किलो होता. बीम हलवताना उत्पादकाचा सल्ला घेतला गेला नाही व लोड बोर्ड बदलला नाही. मुख्य कारण: बीमची उंची बदलल्याने घटलेली भारक्षमता."

बघा, यात ऑपरेटरचा धक्का लपवलेला नाही, तो आहे, पण त्याच्या जागेवर आहे. कोणाचं नाव नाही. पदनाम लागलं तर लिहा, नाव जोडपत्रात. आणि "निष्काळजीपणामुळे" हा शब्द टाळा, तो तुमचा निष्कर्ष झाला, दिसलेली गोष्ट नाही. साहेबांना हेच समजावून सांगा की आत्ता ऑपरेटरवर टाकलं आणि उद्या कोणी अधिकारी किंवा सर्व्हेअर येऊन पट्टी लावून मोजायला लागला, तर तो गंजलेला पोचा त्यालाही दिसणारच आहे, आणि मग आपला रिपोर्ट खोटा ठरतो. शिवाय ऑपरेटरला बळी दिला की बाकीचे ऑपरेटर रॅकला गाडी लागलेली कधीच सांगत नाहीत. भिवंडीला त्या जुन्या पोच्याबद्दल कोणीच बोललं नव्हतं, त्याचं कारण मला तिथल्या पोरांनी हेच दिलं.

आता नुकसान. इथे लोक एक मोठा आकडा टाकतात, 40 लाख वगैरे, आणि तो कशावरून आला ते कोणालाच सांगता येत नाही. मी आधी माणसं लिहितो: कोणाला काय लागलं, कुठे नेलं, किती दिवस सुट्टी, डॉक्टरचा कागद. मग रॅक: किती फ्रेम, किती बीम, आणि ज्या उभ्या आहेत पण लाल निघाल्या त्यांचा वेगळा आकडा, कारण त्याही बदलाव्याच लागणार. मग इमारत: फरशी, भिंत, लाइट, केबल ट्रे, स्प्रिंकलरचा पाइप. मग माल.

मालाचं असं करा, पडायच्या आधीच्या क्षणाचा स्टॉक सिस्टिममधून किंवा रजिस्टरमधून लोकेशनप्रमाणे काढून ठेवा आणि त्यावर वेळ टाका. भिवंडीला 6 बे गुणिले 8 म्हणजे 48 पॅलेट त्या जागेत होते, जमिनीवरचे 12 धरून. ढिगाऱ्यातून निघालेला माल तीन ठिकाणी लावला: जसाच्या तसा विकता येणारा, नुसता बॉक्स फाटलेला पण आतला कॅन ठीक असलेला म्हणजे रिपॅक करायचा, आणि फुटलेला. तिन्हीची बॅच नंबरसकट मोजणी. तिन्हींची बेरीज सिस्टिमच्या आकड्याशी जुळली पाहिजे, न जुळलेले बॉक्स "तफावत" म्हणून उघड लिहायचे. किंमत खरेदीच्या दराने धरा, एमआरपीने नाही. माल तुमचा नसून ज्या कंपनीचा तुम्ही सांभाळता तिचा असेल तर तिच्या माणसासमोर मोजणी करा आणि दोघांच्या सह्या घ्या. आणि नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं, ते अकाउंट्सला वेळेत कळवा, नंतर नोटीस आली की शोधाशोध होते.

विम्याचं पूर्णपणे तुमच्या पॉलिसीवर आहे. विमा कंपनीला लगेच कळवायचं आणि सर्व्हेअर बघेपर्यंत, किंवा तो लेखी हो म्हणेपर्यंत, फुटलेला माल भंगारात घालवायचा नाही. काही पॉलिसींमधे वाहनाच्या धडकेचं कव्हर असतं पण ते वाहन विमाधारकाचं स्वतःचं किंवा त्याच्या कामगाराने कामावर चालवलेलं असेल तर चालत नाही, काहींमधे शब्द जास्त मोकळे असतात. पॉलिसीचं ते पान काढून वाचा. पण क्लेम बसावा म्हणून कारण वळवू नका, कुठल्याच बाजूला, सर्व्हेअरही फोटो काढतो.

उपाययोजनेत दोन भाग ठेवा, लगेचचे आणि कायमचे. लगेचचं म्हणजे आज काय केलं. शेजारच्या ओळींमधल्या वाकलेल्या बे रिकाम्या करणं, वरच्या लेव्हलपासून खाली येत. ढिगारा काढताना कोणी माणूस वर चढणार नाही, हे लेखी लिहा आणि पाळा, कारण वाकलेल्या बीममधे ताण अडकलेला असतो, एक पॅलेट खेचलं की दुसरीकडचा बीम उसळतो. दुसरा अपघात बहुतेक वेळा इथेच होतो, आणि तो ढिगाऱ्यात चढून "चांगले बॉक्स वाचवू या" म्हणणाऱ्या माणसाला होतो. क्रेन किंवा दुसऱ्या फोर्कलिफ्टने बाहेरच्या कडेने काढत जायचं. सांडलेलं लिक्विड पाण्याने गटारात ढकलू नका, भुसा किंवा कोरडी माती टाकून गोळा करा. तुमच्या मालात ज्वलनशील काही असेल तर गॅस कटर अजिबात नाही.

वाकलेला अपराइट गरम करून सरळ करायचा किंवा पट्टी वेल्ड करायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. करू नका. हे पत्रे थंड अवस्थेत घडी घालून बनवलेले असतात, ताकद त्या घडीतून आणि स्टीलमधून येते, तापवला की ती जाते आणि दिसायला मात्र सरळ दिसतो. उत्पादकाचाच सुटा भाग घेऊन बदला, दुसऱ्या कंपनीचा बीम खाचेत बसला तरी चालत नाही, बसणं आणि भार घेणं वेगळं.

कायमच्या उपायांत भिवंडीला आम्ही थोडेच घेतले पण प्रत्येकाला माणूस आणि तारीख दिली. एक, बीमची उंची बदलायची तर आधी उत्पादकाचं लेखी उत्तर, मग गोडाऊन मॅनेजरची सही, मग नवीन लोड बोर्ड, आणि मगच स्पॅनरला हात. त्याला जोडून, प्रत्येक फ्रेमवर पहिल्या बीमची मंजूर उंची लाल पट्ट्याने रंगवली, म्हणजे कोणी बीम सरकवला तर पट्टा उघडा पडतो आणि लांबून दिसतो. हा पट्ट्याचा खर्च एका रंगाच्या डब्याचा आहे, तुमच्याकडेही करा. दोन, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खांबांना कॉलम गार्ड, कमीत कमी 400 मिमी उंच, जमिनीत स्वतंत्र अँकर केलेले, अपराइटलाच बोल्ट मारलेले नाहीत. तीन, दर आठवड्याला एक माणूस ठरवून पट्टी घेऊन फेरी मारेल आणि रजिस्टरमधे बे नंबर, मिमी आणि रंग लिहील, आणि वर्षातून एकदा बाहेरचा जाणकार तपासेल. रॅकला गाडी लागली तर ऑपरेटरने त्याच पाळीत सांगायचं, सांगणाऱ्यावर कारवाई नाही, हे मालकाच्या सहीने लावलं.

"ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग" हेही होतं, पण यादीत शेवटी, आणि त्यात मागे घेताना गाडीचा मागचा भाग किती बाहेर फिरतो हे प्रत्यक्ष गल्लीत खडूने आखून दाखवलं.

तुमच्या रिपोर्टची लांबी किती हे विचाराल तर 4-5 पानं पुरतात, फोटो आणि स्टॉकचा तक्ता जोडपत्रात. ज्या गोष्टी अजून कळल्या नाहीत, म्हणजे उत्पादकाचं पत्र यायचंय वगैरे, त्या "तपास चालू" म्हणून लिहा आणि तारीख द्या. त्या तारखेला पुरवणी रिपोर्ट द्या, नवीन रिपोर्ट लिहून जुना फाडायचा नाही.

आज गोडाऊनला गेलात की दोन गोष्टी मोजून इथे टाका: पडलेल्या आणि उभ्या बेमधे पहिल्या बीमची उंची, आणि लोड बोर्डवर काय लिहिलंय ते. अपराइटच्या खाचांवर बीम आधी कुठे होता त्याचे डाग असतात, रंग घासलेला असतो. फोटो टाकलेत तर मी बघून सांगतो.